उकळीला न बधणारे गणंग

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचायचं काम चालू होतं. लस मुंबईहून आलेली, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत बनलेली. तीच प्रयोगशाळा १९२५पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या आणि १०७ माणसांना लस टोचली गेली. थोड्याच दिवसांत त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळले, माना ताठ झाल्या, अंगं धनुष्यासारखी वाकली. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीवर खूण होती ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. बाटली परळलाच दूषित झाली, असा निष्कर्ष निघाला. लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन पूर्वी लशीत कार्बॉलिक आम्ल घालत. नव्या पद्धतीत त्यांनी ते वगळून सगळी भिस्त उष्णतेवर ठेवली होती, आणि आयोगाचं बोट नेमकं त्यावर होतं. हाफकिन यांचं संचालकपद गेलं. पुढे १९०७मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून ही बाजू उलटवली, तेव्हा एका साध्या चिमट्याकडे जगाचं लक्ष गेलं. बाटलीचं बूच काढायला कंपाउंडरने जो चिमटा वापरला, तो आधी त्याच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बॉलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्यानेच बूच ओढलं.

परळच्या बाजूने आणखी एक पुरावा होता, आणि तो मला फार आवडतो. टोचणाऱ्या डॉक्टरने बाटली उघडल्यावर तिचा वास घेतला होता. वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले, तर बूच निघाल्याबरोबर नाक मुरडावं लागतं. म्हणजे बाटलीत जे शिरलं ते त्याच दिवशी शिरलं असावं, त्याला वाढायला वेळच मिळाला नव्हता. ते मुलकोवालच्या मातीतून चिमट्यावर, चिमट्यावरून बाटलीत आणि सुईतून माणसांच्या अंगात गेलं, आणि वाढलं ते तिथे.

ही हकिगत मी वर्गात दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न येतो. ‘सर, त्याने तो चिमटा पाच मिनिटं उकळून घेतला असता तर?’

उत्तर द्यायला आधी स्वयंपाकघरात जावं लागतं. डाळ किंवा उसळ शिजायला ठेवली, की सगळे दाणे मऊ होतात आणि एखादा तसाच टणक राहतो. दाताखाली आला की कटकन वाजतो. त्याला आपण गणंग म्हणतो. वाण तोच, पातेलं तेच, आच तीच, पण पाणी त्याच्या आत शिरलेलंच नसतं. आणि पाणी शिरलं नाही की शिजणं नाही. क्लॉस्ट्रिडियम या जातीच्या जिवाणूंनी गणंग होण्याची ही कला फार पूर्वी साधली आहे.

क्लॉस्ट्रिडियम म्हणजे काडीच्या आकाराच्या जिवाणूंचं एक मोठं कुटुंब. धनुर्वात करणारा टेटनी, डबाबंद अन्नातून जिवावर उठणारा बॉट्युलिनम, चिघळलेल्या जखमांत आणि शिळ्या मटणात सापडणारा परफ्रिंजन्स, हे त्यातले कुप्रसिद्ध भाऊ. यांना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही. मातीच्या पोटात, शेणात, जनावरांच्या आतड्यात यांचा संसार चालतो. वाढत्या अवस्थेतला हा जंतू काही फार चिवट नसतो. उकळीची वाट न पाहता तो सत्तर-ऐंशी अंशांतच मरतो. पण खायला संपलं किंवा भोवताल मानवेनासा झाला, की तो वेगळाच उद्योग करतो. आपल्याच पोटात तो एक छोटी पेशी बांधतो, तिच्यात आपल्या जनुकांची एक प्रत ठेवतो, तिच्याभोवती थरावर थर चढवतो आणि मग स्वतः विरघळून जातो. मागे उरतो तो बीजाणू. टेटनीमध्ये तो काडीच्या टोकाला तयार होतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ढोलाच्या टिपऱ्या विखुरल्यासारखं दिसतं.

बीजाणू आणि जंतू यांच्या चिवटपणातल्या याच फरकावर शिबासाबुरो कितासातो यांनी १८८९मध्ये मोठं काम साधलं. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत हे जपानी डॉक्टर धनुर्वाताचा जंतू वेगळा काढू पाहत होते. जखमेतल्या पुवात दहा प्रकारचे जंतू असतात, आणि हा नेमका एकटा कधी वाढत नसे. कितासातोंनी ती सगळी खिचडी ८० अंशांवर पाऊण-एक तास तापवली. बाकीचे जंतू मेले, टेटनीचे बीजाणू राहिले, आणि ते त्यांनी हायड्रोजनच्या वातावरणात वाढवले. उष्णतेने जंतू मारायचा उपाय इथे धनुर्वाताच्या जंतूला निवडून काढायची चाळणी झाला होता.

घरोघरच्या स्वयंपाकात नकळत हेच होतं. मटणाचा मोठा टोप उकळला, की स्पर्धा करणारे सगळे जंतू मरतात, रश्श्यातला विरघळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि बीजाणू तेवढे उरतात. टोप रात्रभर ओट्यावर कोमट राहिला तर परफ्रिंजन्सला आयतंच रान मोकळं मिळतं. बॉट्युलिनमचं तर आणखी उलटं आहे. त्याचं विष उकळलं की काही मिनिटांत निकामी होतं, पण बीजाणू उकळीला दाद देत नाही. विषापेक्षा विष तयार करणाऱ्याचं बी जास्त चिवट.

या बीजाणूच्या आत असतं तरी काय? बाहेरून प्रथिनांची कवचं असतात, पण उष्णतेपासून वाचण्याचं खरं श्रेय त्यांना नाही. कवचांच्या आत साखरेच्या आणि प्रथिनांच्या धाग्यांनी विणलेला एक जाड थर असतो. त्याच्या आत एक घट्ट पडदा, आणि त्याही आत गाभा. गंमत गाभ्यात आहे. वाढत्या जंतूच्या वजनात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं; बीजाणूच्या गाभ्यात ते पाव ते निम्म्याच्या दरम्यान येतं. बाहेर हाकललेल्या पाण्याची जागा कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांची जोडी घेते. हे आम्ल बीजाणूंखेरीज सहसा कुठे आढळत नाही, आणि बीजाणूच्या सुक्या वजनाचा दहावा हिस्सा त्याचा असू शकतो. भोवतीचा जाड थर गाभ्याला आवळून धरतो, म्हणून बीजाणू पाण्यात बुडालेला असला तरी पाणी परत आत शिरत नाही.

पाणी कमी असण्याला एवढं महत्त्व का? अंडं आठवा. पांढरं द्रव असतं, उकळलं की घट्ट होतं. त्यातले प्रथिनांचे रेणू म्हणजे नीट गुंडाळलेल्या लोकरीच्या गुंड्या. उष्णतेने त्या हलायला लागतात, सुटतात, एकमेकींत अडकतात, आणि मग जो गुंता होतो तो पुन्हा सुटत नाही. जंतूचं मरण हे असंच असतं. पण गुंडी सुटायला तिला हलायला जागा लागते, आणि ती जागा पाणी देतं. बीजाणूच्या गाभ्यात प्रथिनं अशी दाटीवाटीने, जवळजवळ गोठल्यासारखी बसलेली असतात की शंभर अंशांचा धक्का बसला तरी त्यांना हलता येत नाही. जनुकांच्या धाग्यालाही खास छोटी प्रथिनं चिकटून असतात, आणि तीही त्याला सांभाळतात. बीजाणू श्वास घेत नाही, खात नाही, काही करत नाही. जे चालूच नाही ते बंद पाडणार कसं, असा हा प्रकार आहे.

तरीही गणंग कायमचा गणंग नसतो. पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ दिला तर गाभ्यातल्या एकेका प्रथिनाचा तोल सुटत जातो. शेवटी आतला पडदा दगा देतो, कॅल्शियमचा साठा बाहेर सांडतो, पाणी आत घुसतं, आणि मग सगळं एकदम शिजतं. प्रश्न आहे तो वेळेचा.

या वेळेचा हिशेब मांडला गेला तो ऑलिव्हमुळे. १९१९च्या सुमारास कॅलिफोर्नियातली डबाबंद ऑलिव्ह खाऊन माणसं मेली. बॉट्युलिनमचं विष. डबे भरणारा धंदाच बसायची वेळ आली, तेव्हा जेम्स एस्टी आणि कार्ल मेयर या दोघांनी बॉट्युलिनमचे बीजाणू गोळा करून ते किती उष्णतेत किती वेळ टिकतात हे नेटाने मोजलं. १९२२मध्ये त्यांनी जे आकडे दिले, ते आजही शिकवले जातात. साठ अब्ज बीजाणूंचा पूर्ण निकाल लागायला १०० अंशांवर ३३० मिनिटं लागली, म्हणजे साडेपाच तास. ११० अंशांवर ३२ मिनिटं. १२० अंशांवर ४.

ही उतरंड नीट पाहा. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ दहापट कमी होतो. साध्या रासायनिक क्रिया दहा अंशांना दुप्पट-तिप्पट वेगाने होतात. ही दसपट होते, कारण प्रथिनाची गुंडी सुटायला एकेक नव्हे, तर पुष्कळ बंध एकाच वेळी सुटावे लागतात. त्यामुळे उष्णता थोडी वाढवली तरी फरक फार पडतो, आणि थोडी कमी पडली तरी तेवढाच फार पडतो. हे दुसरं वाक्य पुढे उपयोगी येणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बीजाणू सगळे एकदम मरत नाहीत. ते मरतात ते भागाकाराने. ठरावीक वेळात दहातले नऊ जातात, एक उरतो. पुन्हा तेवढाच वेळ दिला की उरलेल्यांतले दहातले नऊ जातात. बॉट्युलिनमच्या चिवट वाणांसाठी हा वेळ १२१ अंशांवर सुमारे तेरा सेकंद असतो. शंभर अंशांवर तो जवळजवळ पंचवीस मिनिटांवर जातो. आता एखाद्या चिमट्यावर असे हजार बीजाणू आहेत असं धरू. पाच मिनिटं उकळलं तर सहाशेच्या वर शिल्लक. वीस मिनिटं उकळलं तरी दीडशेच्या वर शिल्लक. १२१ अंशांवर मात्र पहिल्या तेरा सेकंदांत शंभर उरतात, पुढच्या तेरांत दहा, त्यापुढच्या तेरांत एक. मिनिट पुरं व्हायच्या आत गणित एकाच्या खाली उतरतं. त्यानंतर आपण बीजाणू मोजत नसतो, तर एखादा उरला असण्याची शक्यता किती, हे मोजत असतो. डबे भरणारे ही दहा-दहाची घसरण बारा वेळा व्हावी असा नियम पाळतात. तेरा सेकंद गुणिले बारा, म्हणजे अडीच मिनिटांच्या वर थोडंसं. व्यवहारात तीन मिनिटं. आणि हे धरायचं ते डब्याच्या मधोमध असलेल्या घासासाठी, पत्र्यासाठी नव्हे.

तर मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर असं. टेटनीचे बहुतेक वाण दहा-पंधरा मिनिटांच्या उकळीत मरतात, पण काही तीन तासांपर्यंत टिकलेले आहेत. मुलकोवालच्या मातीत कोणता वाण होता, हे चिमट्याकडे बघून कळणार नव्हतं. पाच मिनिटं उकळून तो कदाचित वाचला असता, कदाचित नसता. अर्ध्या टक्क्याच्या कार्बॉलिकने तर बीजाणूचं काहीच बिघडत नाही, त्यामुळे आयोगाने ज्या आम्लाच्या अभावावर बोट ठेवलं, ते असतं तरी ५३-एन वाचली नसती. लस स्वतः फार तापवता येत नाही. प्लेगचा जंतू बीजाणू करत नाही. त्याला मारायला उकळीच्या बऱ्याच खालची उष्णता पुरते, आणि जास्त दिली तर लशीचा गुणच जातो. म्हणून मटणाचं पाणी, बाटल्या, बुचं आणि चिमटे आधीच निर्जंतुक करायचे आणि नंतर आत काही जाऊ द्यायचं नाही, एवढीच वाट असते.

ते करायचं यंत्र परळलाच काय, जगातल्या प्रत्येक बऱ्या प्रयोगशाळेत तोवर आलं होतं. १८७९-८०च्या सुमारास पाश्चर यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेतले शार्ल शांबरलाँ यांनी ते घडवलं. त्यांच्याआधी दोनशे वर्षं, १६७९मध्ये, दनी पापँ यांनी हाडं मऊ करायचं एक घट्ट झाकणाचं भांडं केलं होतं आणि त्याला दाब सोडणारी झडपही बसवली होती. पापँचं भांडं तुमच्या ओट्यावर आहे, कुकर म्हणून. शांबरलाँचं इस्पितळात आहे, ऑटोक्लेव्ह म्हणून.

उघड्या पातेल्यात पाणी शंभराच्या वर जात नाही. आच मोठी केली तर वाफ जास्त निघते, पाणी जास्त तापत नाही. उलट डोंगरावर ते आधीच उकळतं: पुण्यात अठ्ठ्याण्णवच्या आसपास, महाबळेश्वरला पंचाण्णव-शहाण्णवला. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली पाण्याला उकळायला जास्त उष्णता लागते. बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला १५ पौंड जास्त दाब झाला, की वाफेचं तापमान १२१ अंश होतं. ‘पंधरा पौंडांवर पंधरा मिनिटं’ हे प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला पाठ असतं, आणि त्यातून एक गैरसमजही पाठ होतो, की दाब जंतू मारतो. पंधरा पौंड दाब बीजाणूला जाणवतसुद्धा नाही. थंड स्थितीत ते हजारो पटींनी जास्त दाब सोसतात. मारते ती उष्णता. दाब हे फक्त तिला शंभराच्या वर नेण्याचं साधन.

मग वाफच का, १२१ अंशांची गरम हवा का नको? बेकरीच्या भट्टीत हात क्षणभर घालून काढता येतो; पातेल्याचं झाकण काढताना वाफेचा चटका बसला तर फोड येतो. एक ग्रॅम उकळतं पाणी एक अंश निवलं तर एक कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ थंड चिमट्यावर बसून पाणी झाली, तर जागच्या जागी पाचशेहून जास्त कॅलरी देते. शिवाय वाफेचं पाणी होताना तिचं आकारमान आठशेपटीने आटतं, तिथे पोकळी होते, आणि ती भरायला नवी वाफ आपोआप ओढली जाते. म्हणजे जी जागा सगळ्यांत थंड, तिथे वाफ सगळ्यांत जास्त धावते. आणि जाताना ती पाणी घेऊन जाते, जे गणंगाला शिजवायला हवंच असतं. कोरड्या भट्टीत हेच काम करायला १६० अंश आणि दोन तास लागतात. तेलं, भुकट्या अशा गोष्टींसाठी, जिथे वाफ शिरतच नाही, तोच मार्ग उरतो.

आता या सगळ्या व्यवस्थेचा खरा शत्रू. तो बीजाणू नाही, हवा आहे.

कुकरला शिटी लावायची पद्धत आठवा. पाणी तापत ठेवायचं, वाफ सरळ, जोरात यायला लागली की मगच शिटी बसवायची. तोवर आधी जे बाहेर जातं ती वाफ नसते, भांड्यातली हवा असते. आईने शिकवलेल्या या नियमामागे पदार्थविज्ञान आहे. हवा आत राहिली तर दाबाचा काटा पंधरावर पोचतो, पण त्या दाबातला काही भाग हवेचा असतो, आणि तापमान फक्त वाफेच्या वाट्याच्या दाबावर ठरतं. सगळी हवा गेली तर पंधरा पौंडांवर १२१ अंश. निम्मीच गेली तर काटा तेच पंधरा दाखवतो, पण आत ११२ अंशच असतात. नऊ अंशांनी काय बिघडतं? दहा अंशांना दसपट हा हिशेब लावून पाहा. मारण्याचा वेग आठव्या हिश्शावर येतो. पंधरा मिनिटं ठेवलेल्या सामानाला प्रत्यक्षात दोन मिनिटांचाही लाभ होत नाही. काटा बरोबर, घड्याळ बरोबर, आणि सामान अर्धंकच्चं.

हवा वाफेपेक्षा जड असते, म्हणून ती खाली बसते. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ वरून येते आणि हवेला खालच्या निचऱ्याच्या वाटेने ढकलून बाहेर काढते. हे कळलं की चुका कुठे होतात तेही कळतं. एकदा आमच्या प्रयोगशाळेत एका नवख्या मुलाने स्टीलचा झाकणाचा डबा उभा, झाकण गच्च लावून आत ठेवला. डब्यातली हवा जाणार कुठे? बाहेर १२१, आत कोंडलेल्या हवेची भट्टी. डबा आडवा आणि झाकण सैल ठेवलं असतं तर हवा ओघळून गेली असती. इस्पितळातल्या ड्रेसिंगच्या ड्रमला बाजूने छोट्या खिडक्या असतात. त्या आत ठेवताना उघड्या हव्यात आणि बाहेर काढल्याबरोबर बंद. उलट झालं तर दोन्हीकडून घात. चादरींचे गठ्ठे ठासून भरले तरी तेच: मधली हवा मधेच राहते. म्हणून मोठ्या यंत्रांत वाफ सोडण्याआधी पंपाने हवा खेचून काढतात, आणि मग १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांत काम होतं. त्या यंत्रांसाठी बोवी आणि डिक या दोघांनी १९६३मध्ये सुचवलेली परीक्षा रोज सकाळी घेतात. टॉवेलांच्या गठ्ठ्याच्या मधोमध उष्णतेने रंग बदलणारा कागद ठेवायचा. सगळा कागद सारखा काळा झाला तर ठीक; मध्यभाग फिका राहिला तर तिथे हवेचा फुगा होता.

पुडक्याच्या बाहेर चिकटवतात त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटलेल्या पाहून पुष्कळ जण निर्धास्त होतात. त्या रेघा एवढंच सांगतात की हे पुडकं गरम झालं होतं. आतला चिमटा शिजला की नाही, हे त्या सांगत नाहीत. वर सांगितलेल्या डब्याच्या पट्टीवर रेघा अगदी ठसठशीत होत्या.

खरी साक्ष देतो तो दुसरा एक बीजाणू. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या नावाचा जिवाणू उन्हाळी झऱ्यांसारख्या गरम जागी रमतो, माणसाला आजारी पाडत नाही, आणि त्याचे बीजाणू बॉट्युलिनमपेक्षाही चिवट असतात. १२१ अंशांवर दहातले नऊ मरायला त्यांना दीड-दोन मिनिटं लागतात, बॉट्युलिनमच्या तेरा सेकंदांच्या तुलनेत सात-आठपट जास्त. अशा सुमारे दहा लाख बीजाणूंची छोटी कुपी सामानाच्या सगळ्यांत अवघड जागी ठेवतात, म्हणजे गठ्ठ्याच्या मधे, निचऱ्याच्या वाटेजवळ. पंधरा मिनिटांत दहा-दहाची घसरण सात-आठ वेळा होते, दहा लाखांचा एकही उरू नये. बाहेर काढल्यावर कुपीतलं खाद्य बीजाणूंशी मिसळायचं आणि ती ५५ ते ६० अंशांवर ठेवायची. कोणी जिवंत असेल तर ते वाढतं, आम्ल तयार होतं, आणि जांभळा रस पिवळा होतो. जांभळा राहिला तर ते मेले.

पण एक कुपी कधीच पुरत नाही. त्याच खोक्यातली दुसरी, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली कुपी शेजारी ठेवावी लागते, आणि ती पिवळी व्हावीच लागते. दोन्ही जांभळ्या राहिल्या तर निकाल शून्य. बीजाणू कदाचित खोक्यातच मेलेले होते, किंवा उबवणी पेटी बिघडलेली आहे. आमच्या त्या नवख्या मुलाने डब्यात ठेवलेली कुपी दुसऱ्या दिवशी पिवळीधम्म निघाली. त्याने ती माझ्यासमोर ठेवली आणि काही बोलला नाही. आठवडाभर तो प्रत्येक डबा आडवा करून ठेवत होता, रिकामासुद्धा.

बाहेर काढलेलं सामान कोरडं असायला हवं, हेही लोक विसरतात. ओलं पुडकं हातात घेतलं तर ओल बोटांवरचे जंतू कापडातून आत ओढून घेते, वातीने तेल ओढावं तशी. म्हणून शेवटी वाफ सोडून देऊन काही वेळ वाळवण्याचा टप्पा असतो, आणि घाईच्या इस्पितळांत सगळ्यांत आधी त्यालाच कात्री लागते.

आजच्या ऑपरेशन थिएटरात चिमटे एकेकटे किंवा संचाने पुडक्यांत असतात. पुडक्याच्या आतही रंग बदलणारी एक पट्टी असते. नर्स पुडकं उघडताना आधी पट्टी बघते, मग चिमटा. आणि चिमटा हातातून निसटून फरशीवर पडला, तर त्याला कोणी कशात खळबळत नाही. तो पायाने बाजूला सारतात आणि दुसरं पुडकं उघडतात.